मुलाचा एकट्याने विमानप्रवास : सोपविणारा कोण, स्वीकारणारा कोण?

रत्नागिरी - आईवडील दुबईत आणि आजीआजोबा रत्नागिरीत, अशी कुटुंबे या जिल्ह्यात कमी नाहीत. सुट्टी संपली की नातवंडाला परत पाठवायचे असते आणि प्रत्येक वेळी कोणी मोठे माणूस सोबत जाऊ शकतेच असे नाही. अशा मुलांसाठी विमान कंपन्यांची 'अनअकम्पनीड मायनर' ही सशुल्क सेवा असते. मुलाला तिकीट मिळाले म्हणजे ही सेवा मिळाली, असा मात्र अनेकांचा गैरसमज असतो.

बहुतेक कंपन्या पाच वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मुलाला एकट्याने नेत नाहीत. पाच ते बारा वर्षांच्या दरम्यान ही सेवा सहसा सक्तीची असते. त्यापुढे ती ऐच्छिक ठरते. अर्थात, नियम कंपनीगणिक बदलतात. अमेरिकन एअरलाइन्स 14 वर्षांपर्यंत ती सक्तीची मानते, तर ब्रिटिश एअरवेजने 2016 मध्ये ही सेवाच बंद केली आणि 14 वर्षांखालील मुलाला ती एकट्याने घेत नाही. वय बुकिंगच्या दिवसाचे नव्हे, तर प्रवासाच्या दिवसाचे धरले जाते. जाताना अकरा वर्षांच्या असलेल्या मुलीचा बारावा वाढदिवस सुट्टीत येत असेल, तर परतीला वेगळा नियम लागू शकतो.

शुल्कातही एकवाक्यता नाही. अमेरिकन एअरलाइन्स एका दिशेसाठी 150 डॉलर अधिक कर आकारते. एकत्र प्रवास करणाऱ्या भावंडांना मिळून ते एकदाच द्यावे लागते. अनेक कंपन्या या शुल्काशिवाय मुलाकडून प्रौढाचे भाडेही घेतात. त्यामुळे दर विचारताना 'भाडे आणि सेवाशुल्क मिळून, दोन्ही दिशांचे' असे स्पष्ट विचारावे.

संकेतस्थळावर केवळ मुलाचे तिकीट बहुधा निघत नाही. कंपनीच्या कार्यालयात किंवा दूरध्वनीवरून मागणी नोंदवावी लागते आणि तिकिटावर UMNR ही नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी लागते. विमान थेट असावे. मध्ये विमान बदलावे लागत असेल, तर अनेक कंपन्या नकार देतात.

सेवेचा गाभा म्हणजे तिचा अर्ज. मुलाला विमानतळावर सोडणारा आणि पलीकडे उतरवून घेणारा, अशा दोघांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक त्यात असतात. मूल ज्याच्या ताब्यात जाईल त्याची सही, असा हा क्रम शेवटपर्यंत चालतो. उतरवून घेणाऱ्याचे नाव त्याच्या ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे. अर्जात वडिलांचे नाव असताना ऐनवेळी काका गेले, तर रक्ताचे नाते असूनही मूल त्यांना दिले जात नाही. बदल करायचा झाल्यास तो विमान सुटण्यापूर्वी कंपनीकडे नोंदवावा.

समजा, आजोबा अकरा वर्षांच्या नातीला मुंबईहून दुपारी चारच्या थेट विमानाने दुबईला पाठवीत आहेत. रत्नागिरीहून मुंबईला रेल्वेने पाच ते सात तास लागतात, पावसाळी वेळापत्रकात अधिक. म्हणून आदल्या दिवशी मुंबई गाठणे श्रेयस्कर. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाल्याने तिकिटावरील विमानतळाचे नाव नीट पाहावे. तेथून विमान असेल तर पनवेललाच उतरणे सोयीचे. दुपारी एकपर्यंत आजोबा कंपनीच्या खिडकीवर असावेत. आत जाण्याची परवानगी कशी मिळेल, हे त्यांनी आधीच विचारून ठेवावे. अर्जाच्या प्रती, नातीचा पासपोर्ट, व्हिसा आणि आईवडिलांचे संमतिपत्र तेथे तपासले जाते. मग कर्मचारी सही करून तिला ताब्यात घेतो आणि सुरक्षा व इमिग्रेशन पार करवून विमानात बसवतो.

आजोबांची जबाबदारी येथे संपत नाही. विमानाने प्रत्यक्ष उड्डाण करेपर्यंत त्यांनी विमानतळावरच थांबायचे असते. उड्डाण लांबले वा रद्द झाले, तर मूल त्यांनाच परत सोपविले जाते. त्यामुळे त्यांनी सायंकाळच्या नव्हे, रात्रीच्या कोकणकन्येचे तिकीट काढावे. दुबईत वडिलांनी ओळखपत्र दाखवून सही केली, की साखळी पूर्ण होते.

ही साखळी तुटली तर काय होते, हे 21 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेत दिसले. फिलाडेल्फियाहून फोर्ट मायर्सला आजीकडे निघालेल्या सहा वर्षांच्या मुलाला स्पिरिट एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्याने ऑर्लँडोच्या विमानात बसविले. आजी फोर्ट मायर्सला वाट पाहत होती. तेथे बॅग पोहोचली, नातू नाही. म्हणून मुलाला ताब्यात देताना कर्मचाऱ्याच्या हातातील अर्जावरचा विमान क्रमांक आणि बोर्डिंग पासवरचा क्रमांक आजोबांनी स्वतः ताडून पाहावा. आपली प्रत मात्र, दुबईहून 'मिळाली' असा फोन येईपर्यंत, खिशातच ठेवावी.