प्रमाण मराठी व उत्तर कोकणातील बोली

प्रमाण मराठी व उत्तर कोकणातील बोली : एका भाषेच्या अनेक बोलींपैकी एकीला लेखनात मान्यता मिळून तिचे व्याकरण, कोश व लेखननियम ठरतात, तेव्हा तिला प्रमाणभाषा म्हणतात. मराठीत हा मान पेशवाईच्या राजधानीतील, म्हणजे पुण्याच्या शिष्टवर्गाच्या बोलीला मिळाला. या निवडीमागे बोलीचा अंगभूत गुण नव्हे, तर सत्तेचे व विद्येचे केंद्र होते.

कंपनी सरकारला शाळा, भाषांतरे व न्यायालये यांसाठी एकसारखी मराठी हवी होती. जेम्स मोल्सवर्थ यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले. तर्खडकरांचे आडनाव वसईजवळच्या तर्खड गावावरून आलेले असून हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. तथापि त्यांच्या व्याकरणाने स्थिर केलेले रूप त्या परिसरातील बोलीचे नाही.

छपाईचा परिणाम याहून सूक्ष्म होता. व्यवहारातील मोडी लिपीत इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसे. बाळबोध टंकांत पाठ्यपुस्तके छापली जाऊ लागल्यावर प्रत्येक इकार ऱ्हस्व की दीर्घ, हे ठरविणे भाग पडले. शुद्धलेखनाचा पुढील बराचसा वाद या एका गरजेतून उद्‍भवला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये मान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी गाळले. ‘केलें’ऐवजी ‘केले’ लिहावयाचे ठरले. ‘मुलांना’सारख्या अनेकवचनी रूपांतील अनुस्वार मात्र राहिला. ‘कवि’, ‘गुरु’ यांचे अंत्य स्वर दीर्घ झाले. उच्चारानुसारी लेखन हे तत्त्व येथे दिसते. परंतु कोणाचा उच्चार, हा प्रश्न उरतोच.

वारली व उत्तर कोकणातील अन्य काही बोलींत ‘ण’ऐवजी ‘न’ आणि ‘ळ’ऐवजी ‘ल’ येतो. अशा घरातील मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणते. आणि ऐकले तसे लिहिते, म्हणजे उच्चारानुसारी लेखनाचेच तत्त्व पाळते. ‘केळी’ व ‘केली’ हे शब्द त्याच्या कानाला एकच असतात. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे, हे ओळखण्याची खूण सोपी आहे : ती नियमित असते. हलगर्जीपणे लिहिणारा कधी ‘ळ’, कधी ‘ल’ लिहितो. बोलीभाषक मूल सर्वत्र ‘ल’ लिहिते. नियम ठाऊक झाल्यावर ते उलट बाजूने घसरते आणि ‘ल’ हवा तेथेही ‘ळ’ घालते. शिक्षकाने दोन्ही प्रकारांवर सारखीच लाल रेघ ओढली, तर दुसरा प्रकार शिकत असल्याचे लक्षण आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

बोईसर-तारापूर पट्ट्यात अणुवीज केंद्र (१९६९) व औद्योगिक वसाहत यांमुळे बाहेरून कामगार व कर्मचारी आले. तेथील शाळेत प्रमाण मराठी पुस्तकातून येते, तर बाजारात व कारखान्यात तिच्या जोडीला हिंदीही कानी पडते.