स्प्लिट शिफ्ट आणि ओव्हरटाइम (कॅलिफोर्निया)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ताशी वेतनावर काम करणाऱ्या रेस्टॉरंट कामगारांच्या पगाराची गणना. दुपार आणि रात्र अशा दोन तुकड्यांत विभागलेली पाळी आणि दर आठवड्याला बदलणारी सुट्टी यांमुळे ती किचकट होते.

दिवसात ८ तासांपेक्षा किंवा आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त झालेल्या कामाला दीडपट दर मिळतो. दिवसातील १२ तासांनंतर दुप्पट. दैनिक ओव्हरटाइममध्ये धरलेला तास ४० तासांच्या मोजणीत पुन्हा धरत नाहीत. आठवड्यातील सातव्या सलग दिवशी पहिल्या ८ तासांना दीडपट आणि पुढच्या तासांना दुप्पट दर असतो. मात्र हे सात दिवस मालकाने ठरवलेल्या एकाच वेतन-आठवड्यातले असावे लागतात. आठवडा सोमवारी सुरू होत असेल आणि एका आठवड्यात सोमवारी, तर पुढच्या आठवड्यात रविवारी सुट्टी असेल, तर कामगार सलग १२ दिवस राबतो, तरी सातव्या दिवसाचा जादा दर लागू होत नाही.

मालकाने स्वतःच्या सोयीसाठी पाळीच्या मध्ये ठेवलेली, जेवणाच्या सुट्टीहून मोठी खंड-वेळ म्हणजे स्प्लिट शिफ्ट. या खंडाचे तास कामाचे धरत नाहीत. त्याऐवजी किमान वेतनाच्या दराने एका तासाचा भत्ता देय होतो. कामगाराचा दर किमान वेतनापेक्षा जास्त असेल, तर त्या दिवशी मिळालेली वरची रक्कम भत्त्यातून वजा होते.

उदाहरणार्थ, २०२५ मध्ये राज्याचे किमान वेतन १६.५० डॉलर होते. १८ डॉलर दर असलेल्या वेटरने सोमवारची सुट्टी घेऊन मंगळवारपासून अनुक्रमे ७, ८, ८, ९, ७ आणि ७ असे ४६ तास काम केले. बुधवारी आणि गुरुवारी त्याची पाळी चार-चार तासांची, दोन तुकड्यांत होती. शुक्रवारचा नववा तास दैनिक ओव्हरटाइम ठरतो. उरलेले ४५ तास ४० च्या पाच तास वर जातात. म्हणजे ४० तासांचे ७२० डॉलर आणि ६ तासांचे, २७ डॉलर दराने, १६२ डॉलर. स्प्लिट शिफ्टच्या दिवशी ९ तासांचे किमान वेतन १४८.५० डॉलर होते आणि त्याला मिळाले १४४. म्हणून प्रत्येक दिवसाचे ४.५० असे ९ डॉलर वाढतात. एकूण पगार ८९१ डॉलर.

पंधरवड्याच्या पगारात दोन आठवड्यांचे तास एकत्र करून सरासरी काढणे ही नेहमीची चूक आहे. ४६ आणि ३४ तासांचे आठवडे मिळून ८० तास भरतात आणि ओव्हरटाइम दिसेनासा होतो. स्लिपवर फक्त ८० तास सरळ दराने लावलेले दिसले, तर प्रत्येक दिवसाची नोंद वेगळी मागावी. अनेक शहरांचे किमान वेतन राज्यापेक्षा जास्त असते. तिथे भत्ता त्या दराने मोजतात. न मिळालेल्या ओव्हरटाइमसाठी राज्याच्या लेबर कमिशनरकडे तीन वर्षांच्या आत दावा करता येतो.