चार मिनिटांच्या गुणाकाराची कुळकथा

भूगोलाच्या तासाला वर्गाची दारे-खिडक्या लावून घ्यावीत, मेजावर पृथ्वीगोल ठेवावा, एका विद्यार्थ्याच्या हाती विजेरी द्यावी आणि गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे सावकाश फिरवीत प्रकाशाच्या कडेशी आधी कलकत्ता व मागाहून मुंबई कशी येते ते दाखवावे, हा पाठ आता पुष्कळ शाळांतून रूढ आहे. मात्र विजेरी फार जवळ धरली तर हा प्रयोग खोटी साक्ष देतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलाच्या पृष्ठापासून ती पंधराच सेंटिमीटरांवर असली, तर प्रकाश १८० अंशांऐवजी जेमतेम १२० अंशांवर पसरतो, आणि विषुववृत्तावरचा दिवस बारा तासांचा न राहता आठ तासांचा होऊन बसतो. तीच विजेरी गोलाच्या मध्यापासून तीन मीटर दूर नेली की उजेडाची कड जवळजवळ बरोबर अर्ध्या गोलावर येते. खऱ्या सूर्याचे किरण इतक्या दुरून येतात की ते समांतरच मानावे लागतात.

या पाठाच्या शेवटी फळ्यावर जो गुणाकार येतो, दर अंशाला चार मिनिटे, त्याचे कुळ मात्र घड्याळाहून पुष्कळ जुने आहे. आपल्या ज्योतिषग्रंथांत अहोरात्राच्या साठ घटिका. म्हणजे ३६० अंशांचे चक्र साठ घटिकांत फिरते आणि एका घटिकेला सहा अंश येतात. घटिका चोवीस मिनिटांची, तेव्हा अंशाला चार मिनिटे हा हिशेब त्यातच दडलेला आहे. लंकेपासून उज्जयिनीवरून कुरुक्षेत्राकडे जाणारी मध्यरेषा हे त्या गणिताचे मूळस्थान होते, आणि तिच्या पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गावासाठी जो संस्कार करावयाचा त्याला देशांतर म्हणत.

अक्षांश काढणे त्या मानाने सोपे होते. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची छाया मोजली की एकाच जागी बसून काम भागे. देशांतराला मात्र दोन ठिकाणांच्या वेळा एकाच क्षणी ताडून पाहाव्या लागतात, आणि दूरध्वनी नसता तो क्षण दोन्हीकडे कळावा कसा? सूर्यसिद्धांताने याचे उत्तर चंद्रग्रहणात शोधले, आणि ही युक्ती मला त्या ग्रंथातील अत्यंत देखण्या विचारांपैकी एक वाटते. पृथ्वीची छाया चंद्रावर जेव्हा पडते तेव्हा ती सर्वांना एकाच क्षणी दिसते. तेव्हा मध्यरेषेसाठी गणिताने काढलेल्या वेळेनंतर ग्रहण सुटले तर आपले गाव रेषेच्या पूर्वेस, आणि आधी सुटले तर पश्चिमेस. सूर्यग्रहणाचा येथे उपयोग नाही, कारण चंद्राची छाया एका गावाहून दुसऱ्या गावी सरकत जाते. मुंबई उज्जयिनीच्या पश्चिमेस सुमारे २ अंश ५६ कला आहे. म्हणजे तेथील स्थानिक वेळ सुमारे २९ पळे, अर्धी घटिकाही नव्हे, मागे असते. पृथ्वीच्या छायेची कड धूसर असल्यामुळे ग्रहण सुटल्याचा क्षण एका मिनिटाने जरी चुकला, तरी गाव नकाशावर पाव अंश, म्हणजे मुंबईच्या अक्षांशावर सुमारे सव्वीस किलोमीटर, सरकते.

जोवर प्रवास पायी वा गलबताने होता तोवर प्रत्येक शहराने आपापला मध्यान्ह सांभाळला, आणि त्यात कोणाचे अडलेही नाही. आगगाडी आल्यावर ही तफावत कारभाराच्या आड येऊ लागली. म्हणून रेल्वेने मुंबई व कलकत्ता यांच्या दरम्यानच्या मद्रासची वेळ स्वीकारली. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचची रेषा मूळ ठरली, आणि १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ अंमलात आली. तिची रेषा मिर्झापूरजवळून जाते. मुंबईकरांनी मात्र हा हुकूम मुकाट्याने मानला नाही. सरकारी दप्तरे एका वेळेने चालत आणि शहरातील कित्येक घड्याळे ‘मुंबई टाइम’ दाखवीत, ही अवस्था स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकली.

त्यांची तक्रार किती मिनिटांची होती, हे फळ्यावरच सोडवून पाहावे. प्रमाणरेषा ८२ अंश ३० कला, मुंबई ७२ अंश ५० कला. अंतर ९ अंश ४० कला. नऊ अंशांची छत्तीस मिनिटे आणि चाळीस कलांची दोन मिनिटे चाळीस सेकंद, मिळून ३८ मिनिटे ४० सेकंद. मुंबई पश्चिमेस, म्हणून तिची वेळ मागे: प्रमाणवेळेने बारा वाजतात तेव्हा तेथे ११ वाजून २१ मिनिटे २० सेकंद झालेली असतात. बेरीज की वजाबाकी, येथेच विद्यार्थी हटकून चुकतात. विजेरीच्या उजेडात कोणते गाव आधी शिरले ते आठवले की चूक आपोआप ध्यानी येते.

तरी एखादा चिकित्सक मुलगा मुंबईच्या शाळेच्या अंगणात काठी रोवून बसला, तर तिची सर्वांत आखूड सावली त्याला १२ वाजून ३९ मिनिटांनी क्वचितच सापडेल. फेब्रुवारीच्या मध्यास ती ५३ मिनिटांच्या सुमारास पडेल, नोव्हेंबरच्या आरंभी २२ मिनिटांच्या. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या समान चालीने चालत नाही. चाराचा गुणाकार मध्यम सूर्याचा आहे. अंगणातील काठीला ठाऊक असतो तो खरा सूर्य.