सायंटिफिक कॅल्क्युलेटर: बारावीपर्यंत बंदी, मग थेट पेपरात, वेग येणार कुठून?

बारावीच्या फिजिक्स किंवा केमिस्ट्रीची बोर्डाची प्रश्नपत्रिका आठवा. वरच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेनलाही तीच बंदी. म्हणजे गिरगाव, दादर किंवा परळमधल्या ज्युनियर कॉलेजातून इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलाच्या हातात सायंटिफिक कॅल्क्युलेटर पहिल्यांदा येतो तो अठराव्या वर्षी.

दहावीनंतर डिप्लोमाला गेलेल्यांचं वेगळं. एमएसबीटीईच्या प्रश्नपत्रिकेवर नॉन-प्रोग्रॅमेबल पॉकेट कॅल्क्युलेटर चालेल, असं छापलेलंच असतं. त्यामुळे त्यांना सवय दोन वर्षं आधी लागते. ही मुलं पुढे थेट दुसऱ्या वर्षाला येतात, तेव्हा गणितात इतरांपेक्षा थोडी कच्ची असली तरी आकडेमोडीत अनेकदा पुढे असतात. फरक बुद्धीचा नाही, सवयीचा आहे.

पहिल्या वर्षाला बहुतेक जण कॅसिओचा एफएक्स-९९१ घेतात, एमएस, ईएस प्लस किंवा ईएक्स. आणि मग वर्षभर त्यावर बेरीज, भागाकार, साइन, कॉस करतात. पाव किंमतीच्या मशीनवरही हे झालं असतं. जादा पैसे ज्यासाठी मोजले ती बटणं परीक्षेच्या आदल्या रात्री यूट्यूबवर शोधली जातात. ती नेमकी काय करतात, हे बेसिक इलेक्ट्रिकलच्या एका गणितावर बघू. खालची बटणं ईएस प्लसची आहेत.

गणित काय आहे?

२३० व्होल्टच्या एसी पुरवठ्याला दोन शाखा समांतर जोडल्या आहेत. पहिलीत १० ओहमचा रोध आणि १५ ओहमचा इंडक्टिव्ह रिअॅक्टन्स. दुसरीत ८ ओहमचा रोध आणि ६ ओहमचा कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्स. एकूण इम्पिडन्स, एकूण प्रवाह आणि पॉवर फॅक्टर काढा. असं गणित पहिल्या वर्षाच्या आणि डिप्लोमाच्या पेपरात हमखास दिसतं.

वर्गात शिकवलेली पद्धत अशी: दोन्ही इम्पिडन्स आणि त्यांची बेरीज, असे तीन कॉम्प्लेक्स आकडे पोलर रूपात न्या, मग गुणाकार-भागाकार करा. प्रत्येक रूपांतरात एक वर्गमूळ आणि एक टॅन इन्व्हर्स. म्हणजे सहा आकडे स्क्रीनवरून कागदावर उतरवायचे आणि पुन्हा कागदावरून मशीनमध्ये टाकायचे. वेळ इथे जातो. त्याहून वाईट म्हणजे चूकही इथेच होते. ५६.३१ चं ५३.६१ व्हायला एक सेकंद पुरतो, आणि उत्तर चुकल्याचं कळतं तेव्हा ती कुठे झाली ते शोधायला पाच मिनिटं.

कॉम्प्लेक्स मोडमध्ये काय होतं?

`MODE` दाबून `2` दाबा. स्क्रीनवर वर `CMPLX` दिसेल. आता `ENG` या बटणावर `i` उमटतो. (इलेक्ट्रिकलवाले ज्याला जे म्हणतात तोच हा आय. कॅल्क्युलेटरला गणितवाल्यांची भाषा येते, इलाज नाही.) दोन्ही इम्पिडन्स मेमरीत ठेवायचे. `SHIFT` आणि `RCL` दाबलं की `STO` होतं, आणि त्यानंतर ज्या बटणावर लाल अक्षरात ए किंवा बी लिहिलंय ते दाबायचं.

```
10+15i → A
8-6i → B
(A⁻¹+B⁻¹)⁻¹ → C
230÷C ▶r∠θ
```

मेमरीतला आकडा परत बोलावताना `ALPHA` दाबून ते अक्षर. शेवटच्या ओळीतला `▶r∠θ` म्हणजे उत्तर पोलर रूपात दाखव ही आज्ञा. ती `SHIFT`, `2`, `3` अशी मिळते.

तिसऱ्या ओळीला स्क्रीनवर इम्पिडन्स येतो, अंदाजे `8.889-1.111i`. चौथ्या ओळीला प्रवाह, `25.675∠7.125`. म्हणजे २५.६८ अँपिअर, ७.१३ अंशांनी पुढे. त्या कोनाचा कॉस घेतला की पॉवर फॅक्टर ०.९९२, लीडिंग. मधला एकही आकडा पुन्हा टाइप करावा लागला नाही.

यात खरी गंमत पुढे आहे. आकडे ए आणि बीमध्ये बसलेलेच आहेत, त्यामुळे उत्तर तपासणं जवळपास फुकट होतं. `230÷A` केलं की पहिल्या शाखेचा प्रवाह `7.077-10.615i`, `230÷B` केलं की दुसऱ्या शाखेचा `18.4+13.8i`. दोघांची बेरीज `25.477+3.185i`, आणि मघाचं उत्तर `a+bi` रूपात आणलं (`SHIFT`, `2`, `4`) तर तेच. जुळलं की पुढच्या प्रश्नाकडे. एमएसबीटीईच्या लेखी पेपरात ७० गुणांना तीन तास मिळतात, म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटांच्या आसपास. हातानं सोडवणाऱ्याला उत्तर तपासायला सहसा वेळच उरत नाही.

पण स्टेप्सचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. पेपर तपासताना गुण टप्प्याटप्प्याने दिले जातात, नुसतं २५.६८ लिहून पूर्ण गुण मिळत नाहीत. म्हणून सूत्र, त्यात किमती भरलेली ओळ, इम्पिडन्सची दोन्ही रूपं आणि शेवटी प्रवाह, हे कागदावर हवंच. मशीन आकडेमोड करतं, मांडणी नाही. उलट मशीनवर ज्या क्रमानं आकडे टाकले त्याच क्रमानं ओळी लिहायची सवय लागली, तर दोन्ही कामं एकत्र होतात.

हाच मुद्दा इंजिनीअरिंग मॅथ्समधल्या न्यूटन-रॅफसनला जास्त लागू होतो. x³−२x−५=० हे समीकरण घ्या, सुरुवात २ पासून. `SOLVE` वापरलं तर मशीन थेट मूळ सांगेल, पण परीक्षकाला प्रत्येक आवृत्तीची किंमत हवी असते. तिथे `Ans` कामाला येतं. कॉम्प्लेक्स मोडमधून `MODE`, `1` ने बाहेर या. आधी `2` आणि `=` दाबा. मग एकदाच ही ओळ टाइप करा:

```
Ans-(Ans³-2Ans-5)÷(3Ans²-2)
```

आता फक्त `=` दाबत राहायचं. पहिल्यांदा २.१, मग २.०९४५७, मग २.०९४५५. पुढे आकडा बदलत नाही, म्हणजे मूळ सापडलं. प्रत्येक वेळी स्क्रीनवरची किंमत वहीत उतरवा, झाल्या तुमच्या स्टेप्स. `SOLVE` शेवटी पडताळणीला ठेवा.

एक अडचण येते. ईएस प्लस पुस्तकासारखं दिसणाऱ्या मोडमध्ये असेल तर २.१ ऐवजी अपूर्णांक दाखवतो, आणि पुढच्या आवृत्तीला चार-पाच अंकी अंश-छेद समोर येतात. घाबरायचं कारण नाही, `S⇔D` दाबलं की दशांश दिसतो. किंवा `=` च्या आधी `SHIFT` दाबायचं, म्हणजे थेट दशांशच येतो.

घात कुठे होतो?

सर्वात जास्त रेडियनमुळे. मॅथ्सच्या पेपरला मशीन रेडियनवर टाकलं जातं आणि दोन दिवसांनी इलेक्ट्रिकलच्या पेपरला ते तसंच असतं. वरच्या गणितात कोन ७.१२५ ऐवजी ०.१२४ येईल, आणि तो अंश समजून पॉवर फॅक्टर काढला तर जवळपास १ येईल. उत्तर दिसायला अगदी पटण्यासारखं, म्हणून शंकाही येत नाही. उपाय साधा आहे: पेपर हातात येण्याआधी `sin 30` करून बघायचं. ०.५ आलं तर ठीक. उणे ०.९८८ आलं तर मशीन रेडियनवर आहे. `SHIFT`, `MODE`, `3` ने अंशांवर आणा.

दुसरा घात कंसांचा. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा ५० हर्ट्झला रिअॅक्टन्स काढताना अनेक जण `1÷2×π×50×100×10⁻⁶` असं सरळ टाइप करतात. मशीन डावीकडून उजवीकडे जातं, फक्त २ ने भागतं आणि बाकी सगळ्याने गुणतं. उत्तर येतं ०.००७८५. खरं उत्तर ३१.८३ ओहम. छेद कायम कंसात. गुणाकाराचं चिन्ह गाळून `2π` लिहिलं की काही मशीन त्याला एकत्र धरतात, पण त्या भरवशावर राहू नका. मित्राचं मशीन वेगळं निघालं तर पंचाईत.

मग सुरुवात कधी?

पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या ट्युटोरियलपासून, आणि त्याच मशीनवर जे परीक्षेला नेणार आहात. कॅसिओच्या ईएक्समध्ये `MODE` च्या जागी `MENU` आहे, आणि नव्या सीडब्ल्यूमध्ये तर बटणांची मांडणीच बदलली आहे. ईएस प्लसवर बसलेला हात सीडब्ल्यूवर चाचपडतो. लॅमिंग्टन रोडला किंवा दादरला मशीन घ्यायला जाल, तर सीनियर वापरतात तेच मॉडेल मागणं शहाणपणाचं. अडलं तर विचारायला कुणीतरी असतं. प्रोग्रॅमेबल मॉडेल मात्र घेऊ नका, आणि तुमच्या कॉलेजची परीक्षेची सूचना एकदा नीट वाचा. स्वायत्त कॉलेजांचे नियम आपापले असतात.

सराव असा करा. एकच सुटलेलं गणित घ्या, उत्तर माहीत असलेलं. पहिल्या दिवशी हातानं आणि मशीननं, दोन्ही पद्धतींनी, मोबाइलवर वेळ लावून. मग आठवडाभर त्याच प्रकारची वेगळी गणितं फक्त मशीनवर. सुरुवातीला मशीन हळू वाटेल, कारण `STO` कुठे आहे हे नजर शोधत असते. साधारण आठ-दहा गणितांनंतर बोट आपोआप जातं. त्यानंतरच पुढचं फंक्शन घ्या. कॉम्प्लेक्स, मेमरी, `Ans` आणि समीकरणांचा `EQN` मोड, पहिल्या वर्षाला एवढी चार पुरतात.

गेट देणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवरचा व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर माउसनं चालवावा लागतो, त्यात कॉम्प्लेक्स मोड नाही, आणि ए-बी-सीऐवजी एकच मेमरी आहे. वरचं समांतर शाखांचं गणित तिथे पुन्हा वर्गमूळ आणि टॅन इन्व्हर्सवरच येतं. म्हणून गेटच्या तयारीचे शेवटचे काही महिने ९९१ कपाटात ठेवून त्या व्हर्च्युअल कॅल्क्युलेटरवरच सराव करावा लागतो.