शनिवारी पाचच्या आत

बालाघाटच्या एका छोट्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. धंदा चिन्नोर तांदळाचा. २०२१ला जीआय मिळाल्यापासून बाहेरगावच्या ऑर्डरी वाढल्या आणि त्या सगळ्या मेलवर येऊ लागल्या. वेबसाइटचं होस्टिंग रविवारी संपत होतं, म्हणून नवीन ठिकाणी जायचं ठरलं. मेल तिसऱ्याच कंपनीकडे होता. त्याला हात लावायचा नाही, म्हणजे त्याचं काही बिघडणार नाही, असा माझा हिशेब.

शुक्रवार, संध्याकाळी ६ (२३ तास बाकी)

साइटच्या फाइली नव्या सर्व्हरवर चढवल्या, तपासल्या. डोमेनच्या खात्यात जाऊन जुने दोन नेमसर्व्हर खोडले, नवे दोन लिहिले. मिनिटभराचं काम.

इथेच घात झाला. नेमसर्व्हर बदलला की नुसती वेबसाइट हलत नाही, डोमेनच्या नावावरची सगळी नोंदवही बदलते. मेल कुठे पोचवायचा हे सांगणारी एमएक्स नोंदही त्याच वहीत असते. नव्या होस्टने आपली कोरी वही उघडताना एमएक्समध्ये स्वतःच्याच सर्व्हरचा पत्ता भरून ठेवला होता. मी ती वही उघडूनही पाहिली नाही.

रात्री ८ (२१ तास)

माझ्या मोबाइलवर नवी साइट, शेठजींच्या घरी जुनीच. हे अपेक्षित होतं. .com च्या रजिस्ट्रीतल्या नेमसर्व्हरच्या नोंदीवर १७२८०० सेकंदांची, म्हणजे ४८ तासांची मुदत असते. ज्याने जुना पत्ता आधीच विचारून ठेवला आहे, तो तेवढा वेळ जुन्याच वहीकडे जाऊ शकतो. मी जीमेलवरून एक मेल टाकून पाहिला. पोचला. निर्धास्त झोपलो. गूगलकडे अजून जुनाच पत्ता होता, हे डोक्यात आलं नाही.

शनिवार, सकाळी ११ (६ तास)

मेल फारच कमी. शनिवार आहे, म्हणून असेल.

दुपारी १ (४ तास)

नागपूरच्या व्यापाऱ्याचा फोन. "भाऊ, बिलाचा मेल परत आला. असा माणूसच नाही म्हणते तुमचं मशीन." परत आलेल्या मेलवर आकडा होता ५५०. पाचाने सुरू होणारा नकार कायमचा. सर्व्हर नुसता बंद असता, तर पाठवणाऱ्याचं मशीन चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा येऊन बघतं. इथे सर्व्हर चालू होता आणि ठणकावून नाही म्हणत होता.

दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या (नावं इथे बदलली आहेत):

```
dig +short MX example.com @ns1.old.example
10 mx1.mail.example.

dig +short MX example.com @ns1.new.example
0 example.com.
```

हे दोन आदेश शुक्रवारी सहाच्या आधी द्यायचे होते. उत्तरं सारखी असती, तर कोण कुठली वही वाचतो याने काहीच बिघडलं नसतं.

दुपारी दीड (साडेतीन तास)

शेठजी म्हणाले, "होतं तसं करून टाका." मलाही तेच सुचलं होतं, पण नेमसर्व्हर पुन्हा उलटवला तर ४८ तासांचा घोळ नव्याने सुरू. त्यापेक्षा नवी वही दुरुस्त केली. खरी एमएक्स नोंद घातली. होस्टच्या पॅनेलमध्ये मेलची व्यवस्था 'लोकल'वर होती, ती 'रिमोट' केली; नाहीतर साइटच्या फॉर्ममधून येणारे मेल तिथल्या तिथेच पडले असते. आपला मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून असलेल्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या ओळीही जुन्या वहीतून उतरवल्या. चुकीच्या एमएक्सवर १४४०० सेकंदांची मुदत होती. म्हणजे ज्यांनी ती वाचली होती, ते आणखी चार तास चुकू शकत होते. बसून राहण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

संध्याकाळी ५

मेल येऊ लागले होते. ज्यांचे परत गेले त्यांना फोन करून पुन्हा पाठवायला सांगितलं. जुनं होस्टिंग एका महिन्यासाठी वाढवलं. त्याचे नेमसर्व्हर रविवारी बंद पडले असते, तर जुनाच पत्ता धरून बसलेल्यांना काहीच उत्तर मिळालं नसतं. निभावलं, असं वाटलं.

रविवार, दुपारी १२

साइट बसवताना फॉर्मच्या चाचणीसाठी मी नव्या सर्व्हरवर info नावाची एक मेलपेटी उघडली होती आणि विसरलो होतो. त्या पत्त्यावर आलेल्या मेलांना नकार मिळालाच नाही. ते गुपचूप त्या पेटीत जाऊन पडले. पाठवणाऱ्याला वाटलं पोचला, आम्हाला वाटलं आलाच नाही. परत आलेल्या मेलचा निदान फोन तरी येतो.

पेटीत नऊ मेल होते. त्यातला एक पुण्याच्या दुकानदाराचा, शनिवारी सकाळी ९:४०चा: दोन टन चिन्नोर, होकार संध्याकाळी पाचपर्यंत कळवा.

तो माल गोंदियाच्या एका मिलने पाठवला.