तुकाराम गाथेचे संगणकीय वाचन : शब्दगणना, पाठभेद आणि अनुस्वाराचा प्रश्न

प्रस्तावना

धार्मिक वाङ्मयाची संगणकाद्वारे शब्दगणना करण्याची कल्पना नवी नाही. इटालियन जेझुइट पंडित रोबेर्तो बुसा यांनी १९४६ च्या सुमारास सेंट थॉमस अक्वायनस यांच्या समग्र लेखनाची शब्दसूची करण्याचे ठरविले. १९४९ मध्ये त्यांनी त्यासाठी आयबीएम कंपनीचे साहाय्य मिळविले. सुमारे एक कोटी शब्दांच्या त्या सूचीचे ५६ खंड १९७० च्या दशकात प्रसिद्ध होऊ लागले. बुसा यांचा मूळ प्रश्न मात्र लहान होता. अक्वायनसच्या ग्रंथांतील 'सान्निध्य' या कल्पनेचा शोध घेताना त्यांच्या असे लक्षात आले, की ही कल्पना मोठ्या तात्त्विक शब्दांपेक्षा 'मध्ये' या अर्थाच्या क्षुल्लक शब्दयोगी अव्ययात अधिक वसते. असे शब्द वाचकाच्या नजरेतून निसटतात. मोजणी करणाऱ्याच्या नजरेतून निसटत नाहीत.

हीच पद्धती, जिला आज टेक्स्ट मायनिंग म्हणजे संहिता-उत्खनन असे म्हटले जाते, ती संत तुकारामांच्या गाथेला लावावयाची झाल्यास काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. संतसाहित्याच्या अभ्यासकास या पद्धतीचे गणित अवघड नाही. अवघड आहे ते गणितापूर्वीचे काम.

कोणती गाथा?

संगणकाला 'गाथा' दिली जाते असे सहज म्हटले जाते. परंतु गाथा एक नाही. मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली इंदुप्रकाश छापखान्याची आवृत्ती १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघाली. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. तुकाराम तात्या यांच्या १८८९ च्या आवृत्तीत हीच संख्या आठ हजारांच्या वर जाते. उलट वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वहीच्या आधारे १९१९-२० मध्ये जी गाथा प्रसिद्ध केली, तीत सुमारे १,३०० अभंग आहेत. तेव्हा एखादा शब्द 'तुकारामांनी' किती वेळा योजला, या प्रश्नाचे उत्तर प्रथम संपादकाच्या निवडीवर अवलंबून राहते.

या तीन गाथांची तुलना करून मूळ अभंग आणि मागाहून शिरलेले अभंग वेगळे काढता येतील काय, हा मोह साहजिक आहे. पद्धतीची खरी कसोटी तेथेच लागते.

शब्द तोडण्याची पायरी

पहिली पायरी संहितेचे शब्द सुटे करण्याची असते. इंग्रजीसाठी लिहिलेली साधी आज्ञा येथे दगा देते. पायथन भाषेतील `re` या ग्रंथालयात `\w+` असा नमुना दिल्यास तो काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त चिन्ह यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे 'विठ्ठल' या एका शब्दाचे 'व', 'ठ' आणि 'ठल' असे तीन तुकडे होतात. वारंवारतेच्या यादीत वरच्या स्थानी सुटी व्यंजने दिसू लागली, की हा दोष घडला असे निश्चित समजावे. त्यावर उपाय पुढीलप्रमाणे :

```python
re.findall(r"[\u0900-\u0963\u200c\u200d]+", oli)
```

येथे देवनागरीची अक्षरे व चिन्हे घेतली आहेत. दंड आणि अंक वगळले आहेत.

यानंतर नाममुद्रेचा प्रश्न येतो. 'तुका म्हणे' ही मुद्रा बहुतेक अभंगांच्या अखेरीस येते. ती तशीच मोजल्यास 'म्हणे' हे गाथेतील प्रधान क्रियापद ठरेल, आणि त्यावरून तुकारामांच्या काव्यातील 'वक्तृत्व' वगैरे निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. मात्र मुद्रा पुसून टाकणेही योग्य नाही. गाथेच्या छापील आवृत्त्यांत कान्होबांचे 'तुकयाबंधु' अशा मुद्रेचे अभंगही आहेत. मुद्रा स्वतंत्र रकान्यात नोंदवून मग ती मोजणीतून वगळली, तरच हे अभंग ओळखून बाजूला ठेवता येतात.

अनुस्वाराचा प्रश्न

सर्वांत मोठी फसगत लेखनपद्धतीतून होते. जुन्या मुद्रणात 'नाहीं', 'तें', 'भावें' असे अनुस्वारयुक्त लेखन आढळते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार काढून टाकले, आणि अलीकडे टंकलिखित झालेल्या अनेक संहितांत नवे लेखन शिरले आहे. याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, 'अ' या संचात ४०,००० शब्द असून तो जुन्या मुद्रणाबरहुकूम टंकित केला आहे. त्यात 'नाहीं' ४०० वेळा येते. 'आ' या संचात ८०,००० शब्द आहेत. त्यात 'नाहीं' ४०० वेळा आणि 'नाही' ३८० वेळा येते, कारण त्याचा काही भाग नव्या लेखनात आहे. आता संगणक फक्त 'नाहीं' हे रूप मोजील. दोन्ही संचांत मिळून ते ८०० वेळा येते. शब्दसंख्येच्या प्रमाणात वाटणी केल्यास 'अ' मध्ये २६७ आणि 'आ' मध्ये ५३३ अपेक्षित होते. प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येतील अंतर मोजणारे लॉग-लाइकलिहुड हे माप येथे सुमारे ९४ येते. हे माप ३.८४ पेक्षा अधिक असल्यास फरक सहसा योगायोगाचा मानला जात नाही. तेव्हा ९४ पाहून 'अ' चा कवी नकाराचा कवी आणि 'आ' चा कवी कोणी निराळा, असा सिद्धान्त मांडण्यास कोणीही प्रवृत्त होईल. परंतु दोन्ही रूपे एक करून मोजल्यास संख्या ४०० आणि ७८० होतात, आणि तेच माप ०.१७ वर येते. फरक उरतच नाही. सापडला होता तो कवी नव्हे, टंकलेखक होता.

मग सर्वच अंत्य अनुस्वार काढून टाकावेत काय? 'नाहीं' पुरता हा उपाय चालतो, कारण तेथे अर्थ बदलत नाही. 'भावें' म्हणजे भावाने. 'भावे' हे मात्र 'आवडते' या अर्थाचे क्रियापदही होऊ शकते. 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन, तर 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन. संतकाव्यात निर्गुण ब्रह्माचा निर्देश या नपुंसकलिंगी 'तें' ने होऊ शकतो आणि सगुण विठ्ठलाचा 'तो' ने होतो. सगुण-निर्गुणाची चर्चा करणाऱ्या अभ्यासकास जे चिन्ह सर्वांत मोलाचे, तेच सरसकट साफसफाईत प्रथम नाहीसे होते! बुसा यांना जे अव्ययात सापडले, ते मराठीत कित्येकदा एका टिंबात असते. म्हणून मूळ लेखन एका स्तरावर जसेच्या तसे राखून, दुसऱ्या स्तरावर केवळ निःसंदिग्ध शब्दांचे एकरूपीकरण करावे लागते. 'तें' आणि 'भावें' यांसारख्या रूपांची प्रत्येक जागा मागच्यापुढच्या शब्दांसह काढून अभ्यासकाने स्वतः वाचावी लागते. हे काम संथ आहे; पण शब्दसूचीचा उपयोग मुळात अशा जागा एकत्र समोर आणण्यासाठीच आहे.

मर्यादा

या सर्व दक्षतेनंतरही एखादा विशिष्ट अभंग तुकारामांचा की नाही, हे गणनेने ठरविता येत नाही. मोठ्या अभंगाच्या एका चौकात ६, ६, ६ आणि ४ अशी अवघी २२ अक्षरे असतात. चार चौकांच्या अभंगात ८८ अक्षरे, म्हणजे तीस-पस्तीस शब्द भरतात. शैलीच्या सांख्यिकीय तुलनेस काही हजार शब्दांचा नमुना लागतो. तेव्हा शंभरभर अभंगांचे गट करूनच तुलना करावी लागते, आणि गट कोणते करावेत हे पुन्हा अभ्यासकच ठरवितो. शिवाय जगनाडे यांची वही प्राचीन मानली, तरी तीही एका लेखकाने आपल्या लेखनसवयींनुसार उतरविलेली प्रत आहे. ती प्रमाण धरून उरलेल्या अभंगांतील 'निराळेपणा' मोजल्यास त्यात जगनाडे यांचा हात किती आणि देहू, कडूस, तळेगाव व पंढरपूर येथील हस्तलिखितांच्या लेखकांचा किती, हे सुटे करता येत नाही. त्यासाठी मुद्रित आवृत्तीऐवजी प्रत्येक हस्तलिखिताचे स्वतंत्र, पाठभेदांसह केलेले टंकन हाती असावे लागते.