किरायानामा १५ तारखेला सुरू झाला, तर ११ महिने कोणत्या तारखेला संपतात?

बोरगाव (मेघे) : वर्धा शहराला लागूनच असल्याने गावात किरायाने खोली घेणारे बरेच आहेत. नोकरीवाले आहेत, शिकणारी मुलं आहेत, बदलीवर आलेली कुटुंबं आहेत. खोली काही सगळ्यांना १ तारखेलाच मिळत नाही. कोणी १० तारखेला सामान आणतो, कोणी १५ ला. किरायानामा मात्र ठरलेला, ११ महिन्यांचा. मग शेवटची तारीख कोणती लिहायची, इथे गडबड होते आणि खोली सोडायची वेळ आली की डिपॉझिटवरून वाद सुरू होतो.

उदाहरण घेऊ. समजा, खोलीचा किराया महिन्याला ३,००० रुपये आहे. किरायदाराला १५ जून २०२६ रोजी किल्ली मिळाली आणि तो त्याच दिवशी राहायला आला. आता ११ महिने कधी संपतील? चार माणसांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात.

पहिला म्हणतो, जून ते एप्रिल हे ११ महिने झाले, म्हणून ३० एप्रिल. हे चूक आहे. जूनचे पहिले चौदा दिवस तर किरायदार आलाच नव्हता. ३० एप्रिलला साडेदहा महिनेच होतात. दुसरा म्हणतो, मे महिना पूर्ण धरा, ३१ मे. हेही चूक, कारण ते साडेअकरा महिने होतात. तिसरा ३० दिवसांचा महिना धरून ३३० दिवस मोजतो आणि १० मे सांगतो. चौथा म्हणतो १५ मे.

बरोबर तारीख आहे १४ मे २०२७. १५ जून हा पहिला दिवस धरला, तर पहिला महिना १४ जुलैला पूर्ण होतो, दुसरा १४ ऑगस्टला, आणि असं करत अकरावा १४ मे ला. दिवस मोजले तर ३३४ भरतात, ३३० नाही. मधले काही महिने ३१ दिवसांचे आहेत आणि फेब्रुवारी २८ चा, म्हणून हा फरक पडतो.

सोपी रीत अशी. सुरुवातीची तारीख पुढच्या वर्षाची धरा, त्यातून एक महिना मागे या, मग एक दिवस मागे या. १५ जून २०२७, मग १५ मे २०२७, मग १४ मे २०२७. महिन्याच्या मधल्या कोणत्याही तारखेला ही रीत चालते. अडचण येते ती फक्त महिन्याच्या शेवटच्या दिवसांत. करार ३१ मार्च २०२६ ला सुरू झाला, तर पुढच्या फेब्रुवारीत ३१ तारीखच नाही. तिथे फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२७ धरायचा.

महिना म्हणजे ३० दिवस नव्हेत, हे सुप्रीम कोर्टानेही सांगितलं आहे. हिमाचल प्रदेश सरकार आणि एका बांधकाम कंपनीच्या २०१० च्या निकालात तीन महिन्यांची मुदत मोजायची होती. कागद १२ नोव्हेंबर २००७ ला मिळाल्याचं धरलं गेलं. कोर्टाने तो दिवस सोडून १३ नोव्हेंबरपासून मोजलं आणि तीन महिने १२ फेब्रुवारी २००८ ला संपले असं ठरवलं. ९० दिवस मोजले नाहीत, कॅलेंडरचे महिने मोजले. तो वाद किरायाचा नव्हता, पण महिना मोजायची रीत तीच.

मग १५ मे म्हणणारा चौथा माणूस साफ चुकीचा आहे का? नाही. गोम आहे ती 'पासून' या शब्दात. आपल्या बोलण्यात '१५ जूनपासून' म्हटलं की १५ जून धरूनच. कायद्यात तसं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ११० प्रमाणे भाडेपट्टा अमुक दिवसापासून सुरू असं लिहिलं असेल, तर मुदत मोजताना तो दिवस सोडतात. म्हणजे नुसतं '१५ जूनपासून ११ महिने' लिहिलं, तर मोजणी १६ जूनला सुरू होऊन १५ मे ला संपते. मालक १४ म्हणेल, किरायदार १५ म्हणेल, आणि दोघांकडेही बोलायला आधार राहील. त्याच कलमात असंही आहे, की सुरुवातीचा दिवसच लिहिला नसेल तर मुदत करार झाला त्या दिवसापासून धरायची. किल्ली १५ ला आणि सह्या २० ला झाल्या असतील, तर पाच दिवसांचा आणखी एक वाद.

यावर उपाय एका ओळीचा आहे. किरायानाम्यात असं लिहा : 'मुदत ११ महिने, दि. १५ जून २०२६ (हा दिवस धरून) ते दि. १४ मे २०२७ (हा दिवस धरून).' महिने आणि दोन्ही तारखा एकमेकांशी जुळतात का, ते सहीच्या आधी बोटावर मोजून पाहा. बऱ्याचदा जुन्या किरायानाम्याची नक्कल मारताना सुरुवातीची तारीख बदलली जाते आणि शेवटची तशीच राहते.

किराया कसा घ्यायचा, तेही तिथेच लिहा. १५ ते १४ असा महिना ठेवला तर सरळ ११ हप्ते होतात, एकूण ३३,००० रुपये. १ तारखेलाच किराया हवा असेल, तर जूनच्या १६ दिवसांचे १,६०० रुपये, मग जुलै ते एप्रिल दहा पूर्ण महिने, आणि मे च्या १४ दिवसांचे सुमारे १,३५५ रुपये. दोन्ही चालतं. पण १५ ला आलेल्या माणसाकडून जूनचा पूर्ण किराया घेऊन मुदत पुन्हा ३० एप्रिलला संपवली, तर त्याचे १,४०० रुपये जास्त जातात.

एका दिवसाने काय बिघडतं, असं वाटेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या भागात लागू आहे, तिथे राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार संपला आणि जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई लागू शकते. त्याच कलमात लेखी करारातली गोष्ट हा निर्णायक पुरावा मानला आहे. म्हणजे तोंडी काय ठरलं होतं ते नंतर कामी येत नाही, कागदावरची तारीखच बोलते.

मालकालाही जपावं लागतं. साधा भाडेपट्टा असेल, मुदत संपली आणि तरी तो गुपचूप किराया घेत राहिला, तर कलम ११६ प्रमाणे तो पट्टा पुढे महिन्या-महिन्याचा चालू राहतो. मग घर रिकामं करायला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते.

पुढचा करार करायचा असेल, तर तो १५ मे २०२७ ला सुरू करा, म्हणजे मध्ये दिवस सुटत नाही आणि कोणता दिवस दोनदा येत नाही. तो करार १४ एप्रिल २०२८ ला संपेल. प्रत्येक वेळी तारीख एक महिना अलीकडे सरकते, म्हणून मागच्या वर्षीचा महिना लक्षात ठेवून चालत नाही. आधीच झालेल्या करारात तारीख चुकली असेल, तर खाडाखोड करू नका. दोघांच्या सहीने दुरुस्तीचा लेख करा. करार नोंदवलेला असेल, तर चूक दुरुस्ती पत्रही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं.